अपील मागे घेणाऱ्या कप्तानांना आणि माझ्या सगळ्या खेळाडूंना खुले पत्र

मुंबईच्या मैदानांवर क्लब क्रिकेट खेळणाऱ्या माझ्या सर्व खेळाडूंनो,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आझाद मैदानावरच्या टेंटमध्ये तुम्ही मला शाल दिलीत, नारळ दिलात आणि म्हणालात, "सर, दोन शब्द बोला." मी चार वाक्यं बोललो आणि घसा दाटला. बोलायचं होतं ते बरंचसं राहून गेलं. आज ते लिहून काढतो आहे.

34 मोसम मी तुमच्या सामन्यांत उभा राहिलो. 1991च्या पावसाळ्यात कांगा लीगचा पहिला सामना केला, तेव्हा तुमच्यातल्या निम्म्यांचा जन्मही झाला नव्हता. इतक्या वर्षांत तुम्ही मला पाणी आणून दिलंत, पावसात माझ्या डोक्यावर छत्री धरलीत, सामना संपल्यावर डब्यातला घास दिलात. त्या सगळ्याबद्दल मी ऋणी आहेच. पण ज्या एका गोष्टीबद्दल मला मुद्दाम आभार मानायचे आहेत ती वेगळी आहे. मला जे दिसलं नाही ते तुम्ही मला सांगितलंत, आणि बहुतेक वेळा स्वतःचं नुकसान करून घेऊन सांगितलंत.

विकेटमागच्या झेलाचंच घ्या. प्रेक्षकाला हा निर्णय सोपा वाटतो. कट लागली तर आवाज येतो, आवाज आला की बोट वर. मी बोलरच्या यष्टींमागे उभा असतो आणि बॅट माझ्यापासून साधारण 21 मीटरवर असते. तेवढं अंतर कापून आवाज माझ्या कानापर्यंत यायला सेकंदाचा सहा शतांश भाग लागतो. मध्यमगती बोलरचा चेंडू तेवढ्या वेळात आणखी दीडेक मीटर पुढे जातो. म्हणजे कीपर यष्टींना चिकटून उभा असेल, तर मला चेंडू ग्लोव्हजमध्ये गेलेला दिसतो आणि त्याच क्षणी बॅटचा आवाज ऐकू येतो. डोळा आणि कान दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतात. नवा पंच इथे गोंधळतो. त्याला वाटतं की आवाज ग्लोव्हजचाच होता. हे अंगवळणी पडायला मला तीन-चार वर्षं लागली.

म्हणून नुसत्या आवाजावर कुणाला बाद द्यायचं नसतं. आवाज आला का, चेंडूची दिशा बदलली का, आणि चेंडू बॅटशेजारून जातानाच ते दोन्ही घडलं का, या तिन्हींची सांगड बसावी लागते. कोरड्या खेळपट्टीवर, शांत मैदानावर ती बसतेही. पण आपलं क्रिकेट असं कुठे असतं? आझाद मैदानावर वीस-बावीस खेळपट्ट्या शेजारीशेजारी आहेत. आपल्या सामन्याचा पॉइंट उभा असतो त्याच्या मागे चार पावलांवर दुसऱ्या सामन्याचा डीप मिडविकेट असतो. माझा बोलर चेंडू सोडतो त्याच क्षणी पलीकडे कुणीतरी "हाऊज दॅट" म्हणून ओरडतो. मधल्या वाटेवरून माणसं स्टेशनकडे निघालेली असतात. कानात येणाऱ्या दहा आवाजांतून आपला एक वेगळा काढायचा असतो.

त्यात कांगा लीग. 1948 साली ही स्पर्धा सुरू झाली ती पावसाळ्यात खेळण्यासाठीच. उघड्या, न झाकलेल्या खेळपट्टीवर खेळायचं, हाच तिचा प्राण. फलंदाजाची परीक्षा तिथे होते हे सगळे सांगतात. पंचाचीही होते, ते फारसं कुणी सांगत नाही. ओला चेंडू बॅटला लागला की "टक्" असा स्वच्छ आवाज येत नाही, बोदा येतो. भिजलेल्या पॅडचा पट्टा सैल होतो आणि पाय पुढे टाकताना वाजतो. बॅट चिखलात घासली गेली तरी आवाज येतो. राहिली दिशा. तीवर विसंबावं, तर ओल्या जागेवर टप्पा पडलेला चेंडू बॅटला न लागताही हातभर वळतो. तीन पुराव्यांपैकी दोन पाऊसच खोटे पाडतो.

अशा वेळी मी तुमच्या तोंडाकडे बघायला शिकलो. निर्णय त्यावर देत नव्हतो, तसा देताही येत नाही. पण शंका घ्यायची की नाही हे त्यावरून ठरवत होतो. खरी कट लागते तेव्हा कीपर आणि पहिली स्लिप एकाच श्वासात ओरडतात, कारण दोघांनाही ती सारखीच दिसलेली असते. बोलर एकटा ओरडला, मग कीपरने त्याच्याकडे पाहिलं, मग स्लिपने हात वर केले, असा क्रम असेल तर मी बोट खिशातच ठेवत असे. आणि बॅट्समन? जो ताबडतोब बॅटकडे पाहतो त्याला बहुधा कट लागलेली असते. जो पॅडकडे बोट दाखवतो त्याच्याविषयी काहीच सांगता येत नाही.

या सगळ्या वर्षांतला एक चेंडू मात्र माझ्याबरोबर घरी आला आणि अजून गेलेला नाही. त्या सामन्यातली नावं मी लिहीत नाही. ज्यांची आहेत ते ओळखतील.

2009चा ऑगस्ट. सकाळी पाऊस येऊन गेलेला, माळ्याने पोतं आणि लाकडाचा भुसा टाकून बोलरच्या पावलांची जागा सावरलेली. खालच्या डिव्हिजनचा सामना, पण दोन्ही संघांच्या दृष्टीने वर चढण्याचा किंवा खाली घसरण्याचा. जिंकायला 97 हवे होते आणि 81वर 8 बाद झाले होते. बोलर सतरा वर्षांचा मुलगा, मध्यमगती, त्या दिवशी त्याने चार विकेट काढल्या होत्या. क्लबसाठी त्याने तोवर कधी पाच घेतल्या नव्हत्या. त्याचा कप्तान सिली पॉइंटला, बॅटपासून दोन हातांवर बसला होता. कीपर यष्टींलगत.

ओव्हरचा चौथा चेंडू. गुड लेंग्थला, ऑफ स्टंपवर टप्पा पडला आणि चेंडू उसळून बाहेर निघाला. बॅट्समनने पुढे पाय टाकून बॅट आणली. मला आवाज ऐकू आला, दिशा बदललेली दिसली, कीपरने छातीजवळ स्वच्छ झेल घेतला. कीपर आणि बोलर एकदम ओरडले. माझी सांगड बसली होती. मी बोट वर केलं.

बॅट्समनने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न बोलता टेंटकडे चालू लागला. तेही नोंदवून ठेवतो, कारण त्याला माहीत होतं की कट लागलेली नाही.

बाकीचे बोलरला मिठ्या मारत होते. कप्तान उठला नव्हता. तो बसल्या जागेवरून खेळपट्टीकडे बघत होता. मग उठून सरळ माझ्याकडे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "सर, बॅट पॅडला लागली. चेंडू आणि बॅटच्या मधून मला पलीकडचा फिल्डर दिसला. आम्हाला अपील मागे घ्यायचंय."

अपील मागे घेणं हा क्षेत्ररक्षण करणाऱ्या कप्तानाचा अधिकार आहे, पण त्याला पंचाची संमती लागते. ही संमती नावापुरती नसते. कप्तानावर कुणाचं दडपण नाही ना, आणि तो भावनेच्या भरात नव्हे तर पाहिलेल्या गोष्टीवरून बोलतो आहे ना, एवढं पंचाने बघायचं असतं. मी विचारलं, "तुम्ही स्वतः पाहिलंत?" तो म्हणाला, "हो सर." मी संमती दिली.

पण अडचण पुढेच होती. त्या वेळी 2000 सालची नियमावली लागू होती, आणि तिच्यात बाद झालेला फलंदाज मैदानाबाहेर जाण्याआधीच अपील मागे घेता येत असे. सीमारेषा ओलांडली की निर्णय कायम, मग तो कितीही चुकीचा असो. मी वळून पाहिलं तर बॅट्समन टेंटच्या जवळ पोहोचला होता. आणि सीमारेषा कुठे होती? सकाळी मारलेली फक्की पावसाने धुऊन नेली होती. पंधरा-वीस पावलांवर एकेक झेंडा, त्यातला एक आडवा पडलेला, आणि मधून शेजारच्या सामन्याचे क्षेत्ररक्षक उभे.

स्क्वेअर लेगचे माझे सहकारी त्या बाजूला होते. मी हात वर करून त्यांना हाक मारली. ते धावत गेले आणि त्यांनी बॅट्समनला होता तिथे उभं केलं. दोन झेंड्यांमधून नजर लावून पाहिलं, तो चार पावलं आत होता. फक्त चार पावलं. मी दोन्ही हात खांद्यांवर उलटे टेकवून आधीची खूण रद्द केली आणि स्कोअररकडून उत्तर येईपर्यंत तसाच उभा राहिलो. टेंटमध्ये स्कोअररने विकेट लिहूनही टाकली होती. ती खोडावी लागली. चेंडू मात्र ओव्हरमध्ये धरला जातो, म्हणून मी खिशातला चौथा खडा तसाच पलीकडे टाकला.

परत आलेल्या बॅट्समनने आणखी 12 धावा केल्या आणि त्याच्या संघाने तो सामना एक विकेट राखून जिंकला. बोलरला पाचवी विकेट मिळाली नाही. सामना संपल्यावर दोन्ही संघ हात मिळवत होते, तो किट आवरत बसला होता. मी त्याच्याजवळ जायला हवं होतं. गेलो नाही. ही चूक माझी. निर्णयातली चूक तर होतीच, वर ही दुसरी.

त्या रात्री मला 1980चा फेब्रुवारी आठवत होता. मी कॉलेजात होतो आणि वानखेडेवर सुवर्णमहोत्सवी कसोटी बघायला गेलो होतो. इंग्लंडचा डाव कोसळत आलेला, बॉब टेलरला विकेटमागे झेलबाद दिलं गेलं, आणि स्लिपमध्ये उभ्या असलेल्या गुंडाप्पा विश्वनाथने, आपल्या कप्तानाने, त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी मग 171 धावांची भागीदारी केली आणि भारत दहा गड्यांनी हरला. स्टँडमध्ये माझ्या शेजारचे लोक विश्वनाथवर चिडले होते. मीही चिडलो होतो, खोटं कशाला सांगू? कप्तान म्हणून त्याने काय केलं हे मला पंच झाल्यावर कळलं, आणि त्या ऑगस्टच्या संध्याकाळी पूर्ण कळलं. त्याने टेलरला जितकं वाचवलं तितकंच बोट वर केलेल्या पंचालाही वाचवलं होतं. चुकीचा निर्णय घेऊन घरी जाणं काय असतं ते ज्याने घेतलाय त्यालाच ठाऊक.

ते मला ठाऊक आहे, कारण उलटंही घडलं. एका शिल्डच्या सामन्यात एका कीपरने अर्ध्या टप्प्यावर उचललेला चेंडू झेल म्हणून उंचावला. बोलर पाठलागात माझ्या समोरून गेला होता, मला टप्पा दिसला नाही. मी सहकाऱ्याकडे पाहिलं. त्या स्पर्धेत स्क्वेअर लेगला दुसरा पंच नसून बॅटिंग करणाऱ्या संघाचाच खेळाडू उभा होता, त्याच्या शब्दावर निर्णय देता येईना. कीपरच्या हाताची बोटं खाली आहेत की नाहीत एवढंच मी पाहू शकत होतो आणि ती खाली वाटत होती. मी बाद दिलं. नंतर चहाच्या वेळी त्याच्याच संघातल्या दोघांनी मान खाली घालून मला खरं सांगितलं. तेव्हा सांगून उपयोग नव्हता. त्या कीपरवर माझा राग नाही, पण त्या सामन्यातल्या स्लिपवर अजून आहे. तो जागेवर असताना गप्प बसला.

टीव्हीवरच्या सामन्यात स्टंपमधला माईक असतो, पडद्यावर आवाजाची रेघ उमटते, चेंडू बॅटजवळ असताना ती हलली की नाही हे तिसरा पंच थांबवून थांबवून बघतो. आपल्या मैदानावर ते काम सिली पॉइंट करतो, स्लिप करते, कीपर करतो. तुम्ही नसता तर मी 34 वर्षं अंदाजावर उभा होतो असं म्हणावं लागलं असतं.

आता कप्तानांना एक विनंती, कारण नियम बदलला आहे आणि पुष्कळांना तो अजून जुनाच ठाऊक आहे. 2017च्या नियमावलीपासून फलंदाज सीमारेषेबाहेर गेला की नाही हे बघायचं नसतं. पुढचा चेंडू खेळात येईपर्यंत, म्हणजे बोलरने धाव सुरू करेपर्यंत, अपील मागे घेता येतं. शेवटची विकेट असेल तर पंच मैदान सोडेपर्यंत. कलम 31.8 वाचून ठेवा. 2009ला हा नियम असता तर माझ्या सहकाऱ्याला चिखलातून धावावं लागलं नसतं. म्हणून घाई करू नका, पण उशीरही करू नका. नवा बॅट्समन गार्ड घेत असेल तेव्हा तुमच्या स्लिपला, कीपरला विचारा, "नक्की ना?" एवढा वेळ नेहमी असतो. आणि अपील मागे घ्यायचं ठरवलंत तर थेट बॅट्समनला हाक मारू नका, आधी पंचाकडे या. काही तरुण कप्तान मोठ्या मनाने बॅट्समनला परस्पर परत बोलावतात. पंचाची संमती नसेल तर तो बादच राहतो आणि त्यावरून नंतर भांडण होतं.

बॅट्समननाही सांगतो. कट लागली असेल तर निघून जायला अपील लागत नाही, निर्णयही लागत नाही. शिवाजी पार्कला एक वयस्कर सलामीवीर होते. ते माझ्याकडे न बघताच चालू लागत. ते ज्या दिवशी थांबत त्या दिवशी मी निर्धास्तपणे नाबाद देत असे. त्यांच्या संघाचे विरोधक माझ्यावर कधी ओरडले नाहीत, कारण तेही त्यांना ओळखत होते.

आणि आता त्या सतरा वर्षांच्या मुलाला. तू आता तिशी ओलांडली असशील. तुझी पाचवी विकेट तुझ्या कप्तानाने आणि मी मिळून परत घेतली. तुझ्या कप्तानाचे आभार मी त्याच दिवशी मानले, तुझे मानायचे राहिले. तू तेव्हा एक शब्दही उलट बोलला नाहीस, चेंडू घेतलास, मार्कवर गेलास आणि पाचवा चेंडू पुन्हा ऑफ स्टंपवर टाकलास. मला एकच विचारायचं होतं. तो चौथा चेंडू तू बोटांनी कट केला होतास, की ओल्या जागेने तो वळवला? माझी चूक त्या वळण्यामुळेच झाली, म्हणून कळून घ्यायचं आहे. येत्या मोसमात मी रविवारी सकाळी टेंटमध्येच असेन, बाकावर. ये. चेंडू घेऊन ये आणि ग्रिप दाखव.

तुमचा,
एक निवृत्त पंच
मुंबई